फुटिंगचा दाब खालच्या चिखलापर्यंत पोचतो का?

प्रश्न: गोव्यात खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या सखल बांधाच्या जमिनीच्या, कडेला प्लॉट आहे, नवा भराव दीड मीटर. कॉलमखालच्या पायाचं फुटिंग २ × २ मीटर, तळाखाली ४ मीटरवर मऊ चिखल लागतो. प्रेशर बल्ब, म्हणजे फुटिंगच्या भाराने जमिनीत जिथवर दाब वाढतो तो भाग, तिथवर जातो का?

जातो, पण टोकच. कॉलमचा भार ६०० kN धरला तर तळाशी दाब १५० kPa. बूसिनेस्कच्या सूत्राने मध्याखाली २ मीटरवर साधारण ५० आणि ४ मीटरवर जेमतेम १६ kPa उरतो. वाढीव दाब मूळच्या दहा टक्क्यांवर येतो ती रेषा म्हणजे बल्बची नेहमीची हद्द. चौकोनी फुटिंगखाली ती रुंदीच्या दुपटीवर असते.

मला काळजी भरावाची वाटते. १८ kN/m³ धरून त्याचे २७ kPa होतात, आणि तो सगळ्या प्लॉटभर पसरलेला असल्यामुळे खोलीबरोबर फारसा घटत नाही. म्हणजे चिखलावर फुटिंगपेक्षा भरावाचंच ओझं जास्त, आणि त्याखाली चिखल वर्षानुवर्षं खचत राहतो.

प्लेटवर भार देऊन जमीन किती दबते ते पाहणारी प्लेट लोड टेस्ट उत्तम आली म्हणून निर्धास्त राहू नका. ३० सेंटिमीटरच्या प्लेटचा बल्ब ६० सेंटिमीटरवरच संपतो, चिखलाचा तिला पत्ताच नसतो. बोअर मारून चिखलाचा नमुना काढा, दाबाखाली तो किती आणि किती काळ खचेल ते सांगणारी कन्सॉलिडेशन टेस्ट करा. कॉलम जवळजवळ असतील तर बल्ब एकमेकांत मिसळतात. मग वरचे १६ kPa धरून चालणार नाही.