सावलीच्या उताऱ्यातून जास्तीचे प्रश्न कसे काढावेत?

*"मुलगी तिसरीत आहे, आठ वर्षांची. सावलीवरचा विज्ञानाचा उतारा एकदाच वाचला आणि खालचे प्रश्न पाच मिनिटांत संपवले. मी जास्तीचे प्रश्न काढले, तर ते एक तर तसलेच होतात, नाहीतर थेट सहावीच्या पुस्तकातले. मधले कसे काढायचे? आम्ही इंदूरलाच असतो."*

ताई, अख्खा उतारा बाजूला ठेवा आणि त्यातलं एकच वाक्य उचला. सावलीवरच्या बहुतेक उताऱ्यांत हे असतंच: "दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो आणि सावली सर्वांत लहान होते." तुमच्याही उताऱ्यात असेल, बघा.

माझी कसोटी सोपी आहे. उत्तरावर बोट ठेवता आलं, तर तो खालच्याच प्रश्नांचा भाऊ. आणि उतारा न वाचताही उत्तर देता आलं, तर ती नुसती गप्पांची गोष्ट. दुसरी चूक मी स्वतः केली आहे. शनिवारी घरी येणाऱ्या मुलांना मी विचारलं, "सावल्याच नसत्या तर?" भुतांच्या झकास गोष्टी ऐकायला मिळाल्या, पण उताऱ्याकडे एकानेही वळून पाहिलं नाही.

आता त्या वाक्यावर पहिला प्रश्न: "या एका वाक्यात किती गोष्टी सांगितल्या आहेत? त्यांतली कोणती आपल्या गच्चीवर तपासता येईल?" हुशार मूल भराभर वाचतं, त्यामुळे "बारा वाजता", "डोक्यावर" आणि "सर्वांत लहान" ही तीन वेगळी विधानं आहेत हे त्याच्या नजरेतून निसटतं. ती सुटी करायलाच आमच्याकडे वीस मिनिटं गेली.

दुसरा प्रश्न: "बारा वाजता खरंच सर्वांत लहान असते का?" आम्ही हे जानेवारीच्या अखेरीस केलं. ३० सेंटीमीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली. बाराला सावली साडेसत्तावीसच्या आसपास होती, आणि पावणेएकपर्यंत ती सेंटीमीटरभर आणखी घटली. पण इथेच मुलं भांडतात. त्या वेळी सावली फार हळू बदलते, टोकही पुसट असतं, त्यामुळे नेमकं किती वाजता सर्वांत लहान झाली ते नुसत्या मोजपट्टीने ठरत नाही. एकजण १२:३० म्हणाला, दुसरी १२:५०.

उत्तर लगेच सांगू नका, विचारा: "सावली भराभर बदलते तेव्हाच्या खुणा वापरता येतील का?" मग काठीभोवती ३२ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखायचं. सावलीचं टोक सकाळी वर्तुळाला टेकतं ती वेळ लिहायची, दुपारी पुन्हा टेकतं तीही. आमच्याकडे ११:१० आणि २:०८ आलं. मधोमध पडते १२:३९. हीच शंकूची, म्हणजे सरळ उभ्या काठीची, जुनी रीत. उज्जैनच्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे, कधी गेलात तर तिला दाखवा.

एक खबरदारी घ्या. गच्चीला पाण्यासाठी उतार असतो, आणि उतार पूर्व-पश्चिम असला तर मधली वेळ सरकते. त्यामुळे गवंड्याच्या लेव्हलने पाहून सपाट पाट किंवा फळी ठेवा.

बारानंतर एवढा उशीर का? आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, इंदूर पडतं शहात्तरच्या जरा अलीकडे. अंशाला ४ मिनिटं धरली तर साधारण २७ मिनिटं तिथेच गेली. उरलेली बाराएक मिनिटं ऋतूनुसार बदलतात. आठ वर्षांच्या मुलीला हा दुसरा भाग समजावायला जाऊ नका, नाहीतर पुन्हा सहावीचं पुस्तक उघडलंच म्हणून समजा. पहिला भाग मात्र ती नकाशा समोर ठेवून स्वतः काढते.

तिसरा प्रश्न "डोक्यावर" या शब्दावर: "ग्वाल्हेरच्या आत्याच्या घरी सूर्य कधी अगदी डोक्यावर येईल का?" इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, म्हणून इथे २१ जूनच्या साधारण दोन आठवडे आधी आणि दोन आठवडे नंतर, असे दोनदा सूर्य माथ्यावर येतो. त्या दोन दिवशी सरळ काठीची सावली काही क्षण नाहीशी होते (जुलैतली बहुधा ढगांत जाते). ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे तिथे तशीच काठी वर्षातल्या सर्वांत लहान सावलीच्या दिवशीही सुमारे दीड सेंटीमीटर सावली टाकतेच. आत्याला फोन करून मोजायला सांगितलं, की मूल स्वतःच विचारतं, "मग उताऱ्यातलं वाक्य कुठल्या गावाचं आहे?"

तीन प्रश्न पुरेत, चौथा तिच्यावर सोडा. शेवटी तिला ते वाक्य नव्याने लिहायला सांगा. आमच्यातल्या एकीने लिहिलं: "इंदूरला जानेवारीत पाऊण वाजायच्या थोडं आधी सावली सर्वांत लहान होते, पण सूर्य डोक्यावर नसतो." हीच काठी दिवाळीनंतर पुन्हा उभी करा. तेव्हा मधली वेळ साधारण १२:१० येईल, आणि ती तुमच्याकडे संशयाने बघेल.