मोड आल्यावर मुगातली प्रथिने: तक्ता काय सांगतो आणि काय नाही

प्रश्न: कडधान्यांना मोड आणल्यावर प्रथिने आणि कर्बोदके नेमकी किती बदलतात? तक्त्यांतले आकडे खरे धरावेत का?

मुगापुरते सांगतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने आणि ६३ ग्रॅम कर्बोदके दिली आहेत, तर १०० ग्रॅम कच्च्या मोडांत अनुक्रमे ३ आणि ६ ग्रॅम. एवढी घट पाहून कोणीही दचकेल, पण कोरड्या मुगात पाणी ९ टक्के असते आणि त्या मोडांत ९० टक्के. फरकाचा बहुतांश भाग या पाण्याचाच आहे.

पाणी वगळून उरलेल्या ऐवजाचे प्रमाण काढले, तर चित्र उलटे होते: प्रथिने २६ टक्क्यांवरून ३२ वर जातात आणि कर्बोदके ६९ वरून ६२ वर येतात. ‘मोडांनी प्रथिने वाढतात’ हे विधान इथूनच निघते आणि तेही दिशाभूल करणारे आहे. दाण्याला आपण फक्त पाणी देतो, त्यामुळे प्रथिनांसाठी लागणारे नायट्रोजन बाहेरून येत नाही. अंकुर मात्र श्वसनासाठी साठवलेली कर्बोदके खर्च करतो, एकूण ऐवज घटतो आणि आहे तेवढ्याच प्रथिनांचा वाटा मोठा दिसतो. प्रथिने जशीच्या तशी राहिली असे धरले, तर १०० ग्रॅम मुगाचे तक्त्यातल्या प्रकारचे जवळजवळ ७८५ ग्रॅम मोड होतात आणि त्यांत ४७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके उरतात, म्हणजे साधारण चौथा हिस्सा कमी. दोन्ही नमुने एकाच मुगाचे नसल्याने हा अर्थातच ढोबळ हिशेब आहे.

खरी चूक होते ती पुढे. तक्त्यातले मोड कित्येक दिवस वाढवलेले, लांब आणि पाणीदार असतात. दाण्यातून नुकतीच शेपटी डोकावणारे मूग त्यांत बसत नाहीत. समजा १०० ग्रॅम मूग भिजून, मोड येऊन २२० ग्रॅम झाले. त्यांत प्रथिने जवळपास तेवढीच, म्हणजे दर १०० ग्रॅमला ११ ग्रॅम असतात; तक्त्यातला आकडा लावला तर सगळ्या २२० ग्रॅमची मिळून जेमतेम साडेसहा भरतील. म्हणून कोरडे मूग आधी तोलावेत, मोड आल्यावर पुन्हा तोलावेत आणि कोरड्या मुगाचा आकडा नव्या वजनावर वाटावा. वजन दुप्पट-अडीचपटच झाले असेल, तर तक्त्यातली ‘मोड’ ही नोंद आपल्या कामाची नाही, असे मी खुशाल म्हणेन.

काही बदल मात्र या हिशेबातही दिसत नाहीत. प्रथिने सहसा नायट्रोजन मोजून, त्याला ६.२५ ने गुणून काढतात. त्यामुळे साठ्यातली प्रथिने तुटून सुटी अमिनो आम्ले झाली, तरी आकडा हलत नाही. एकूण कर्बोदके या तक्त्यात वजाबाकीने, म्हणजे पाणी, प्रथिने, स्निग्धांश आणि राख वगळून जे उरेल ते, अशी धरलेली असतात. पोटात वायू धरणाऱ्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा मोड येताना बऱ्याच घटतात, ते त्या एका आकड्यावरून कळत नाही.