संशयास्पद लॉगिननंतर लॉक झालेलं खातं: सपोर्टला काय लिहावं?

प्रश्न: क्लाउड स्टोरेजचं खातं संशयास्पद लॉगिनमुळे लॉक झालंय. सपोर्टला पत्र कसं लिहू?

उत्तर: कोणते लॉगिन तुमचे आणि कोणते परके, हे वेळेसकट वेगळं करून लिहा. मी अशा तक्रारी हाताळल्या आहेत. सपोर्टसमोर प्रत्येक लॉगिनची वेळ, आयपी पत्ता आणि ब्राउझर यांची नोंद असते. तुमचं म्हणणं तिच्याशी जुळलं की ओळख पटायला मोठी मदत होते. वेळा सूचनेच्या ईमेलमधून घ्या आणि टाइमझोन लिहायला विसरू नका, घोळ बहुतेक तिथेच होतो. मजकूर साधारण असा:

"माझं खातं १४ मार्चपासून लॉक आहे. १३ मार्च, १६:१० यूटीसीचा लॉगिन माझा होता, नेहमीच्या लॅपटॉपवर फायरफॉक्समधून. १४ मार्च, ०२:३५ यूटीसीचा माझा नाही. कृपया सगळी सेशन्स बंद करा, त्या परक्या लॉगिननंतर जोडलेला रिकव्हरी ईमेल काढा आणि ओळख तपासून खातं सुरू करा. तोवर फाइल्स हटवू नयेत."

पत्र नोंदणीकृत ईमेलवरूनच पाठवा. पासवर्ड किंवा ओटीपी त्यात कधीच नको. मात्र त्या ईमेललाही तोच पासवर्ड असेल तर आधी तो बदला, नाहीतर रीसेटची लिंक घुसखोराच्याच हाती पडेल.