काढून टाकलेलं वाक्य अर्जात परत घाला

‘माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअर, वय २५. नाशिकच्या एका छोट्या कंपनीत अडीच वर्षं सपोर्टला आहे. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवतात. तिला प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय. चाळीस ठिकाणी अर्ज केले, एकही कॉल नाही. मी तिला दोन ऑनलाइन सर्टिफिकेट करायला लावली, अर्जही स्वतः बसून सुधारला. तिने “पेमेंट मागे ठेवलं, त्यामुळे एक ग्राहक गेला” असं लिहिलं होतं, ते काढून टाकलं. आता कॅटला बसवावं का? तिचा आणि माझा, दोन्ही अर्ज जोडले आहेत.’
– एक वडील, नाशिक

दोन्ही अर्ज वाचले. स्पष्टच सांगतो, चाळीस ठिकाणी तुमचा अर्ज गेला ही अडचण आहे. तुम्ही जे वाक्य काढून टाकलंत, ते सगळ्या पानावरचं सर्वांत मोलाचं वाक्य होतं. तिच्या काळजीपोटीच तुम्ही ते काढलंत, हे कळतं. पण मुलाखतीत समोर ती बसणार आहे, आणि तुमच्या वाक्यांवरच्या प्रश्नांना तिला उत्तरं द्यावी लागतील. पंचविशीतल्या मुलीचा अर्ज वडिलांनी लिहिला की भाषा गुळगुळीत होते आणि त्या माणसाने काय केलं तेच दिसेनासं होतं. तुमच्या मसुद्यात ‘प्राधान्यक्रम ठरवण्यात निपुण’ असं आहे आणि पुढे चार पद्धतींची नावं आहेत. काय पुढे घेतलं आणि काय मागे ठेवलं, हे मात्र कुठेच नाही.

कॅट द्यायची तर तिला वाटलं तर देऊ द्या; या अर्जाचं दुखणं त्याने जाणार नाही.

तुमचा गैरसमज असा, की सोडलेलं काम आणि झालेलं नुकसान लिहिलं तर उमेदवार कच्चा वाटतो. या पदासाठी नेमकं उलट आहे. दोन चांगल्या गोष्टींपैकी एकीलाच वेळ असतो तेव्हा कोणती थांबवायची हे सांगणं, हाच प्रॉडक्ट मॅनेजरच्या रोजच्या कामाचा गाभा. ज्या निर्णयात कुणाचंच काही गेलं नाही, तिथे निवडण्यासारखं काही नव्हतंच, नुसती कामांची यादी होती. अर्ज वाचणारा सोडलेली गोष्ट शोधतो. ती सापडली नाही तर तो दोनपैकी एक धरतो: निर्णय दुसऱ्या कुणाचा होता, किंवा किंमत लपवली आहे.

तिच्या मूळ मसुद्यात हे सगळं आहे, फक्त विस्कळीत आहे. दोन डेव्हलपर आणि हातात सहा आठवडे. अकरा दवाखाने ऑनलाइन आगाऊ पेमेंट मागत होते आणि विक्रीवाल्यांचाही तोच आग्रह होता. पैसे आधी भरले की पेशंट अपॉइंटमेंट बुडवणार नाहीत, हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. पण गेटवे जोडलं की काम संपत नाही. परतावे द्यायचे, रोजचा हिशेब जुळवायचा, त्यात सहाही आठवडे गेले असते. तिने न आलेल्या ४० पेशंटना फोन केले. २३ जण म्हणाले, ‘विसरलो.’ ६ जणांना यायचं नव्हतं, पण कळवायचं कसं ते ठाऊक नव्हतं. म्हणजे बहुतेकांचं कारण विसरणं होतं, आणि त्यावर पैसे अडकवण्यापेक्षा आदल्या संध्याकाळचा मेसेज स्वस्त पडतो. त्यातूनच रद्द करायची सोय दिली की झालं. हे काम तीन आठवड्यांचं. म्हणून मेसेज आधी, पेमेंट पुढच्या तिमाहीत. या चाळीस फोनचा तुमच्या मसुद्यात उल्लेखही नाही, याचं मला सर्वांत वाईट वाटलं.

आता मोजणी. तुम्ही लिहिलंत, ‘गैरहजेरीत ३२ टक्के घट’. आकडा खोटा नाही, पण पहिल्याच प्रश्नाला कोसळेल. तिने सहा दवाखाने घेतले होते आणि तिघांतच मेसेज सुरू केला. या तिघांत आधीच्या चार आठवड्यांत १,२०० पैकी २६४ पेशंट आले नव्हते, म्हणजे २२ टक्के. नंतरच्या चार आठवड्यांत १,१८० पैकी १७७, म्हणजे १५ टक्के. उरलेल्या तिघांत काहीच बदललं नव्हतं, तरी तिथेही २२ चे २१ झाले. म्हणून सातपैकी एक अंश आपोआप घडला असावा असं धरायचं आणि आपल्या खात्यावर सहाच घ्यायचे. हे टक्क्यांतले सहा अंश आहेत. २२ च्या मानाने काढलं तर साधारण २७ टक्के घट होते. दोन्ही रीती चालतात, पण आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय दोन्ही फसव्या ठरतात.

तिने आणखी एक मोजलं होतं, ते तुम्ही कापलंत. आधी रद्द होणाऱ्या अपॉइंटमेंट ६० होत्या, मेसेजनंतर १०६ झाल्या. म्हणजे गैरहजेरी घटली त्यातला बराच भाग पेशंट येऊ लागल्यामुळे नव्हे, तर आधी कळवू लागल्यामुळे घटला. दवाखान्याला याचा फायदा तेव्हाच, जेव्हा ती वेळ दुसऱ्याला मिळते. १०६ पैकी ५८ वेळा पुन्हा भरल्या. चलाख मुलाखतकार हेच विचारेल आणि उत्तर तिच्याकडे तयार आहे. मर्यादाही तिने एका वाक्यात सांगावी: दवाखाने सहाच होते आणि मेसेजसाठी तयार झालेलेच तीन निवडले होते, चिठ्ठ्या टाकून नव्हे.

अर्जात हे साधारण असं उतरावं; इंग्रजीत तिने स्वतः लिहावं:

‘सहा आठवड्यांत एकच मोठं काम शक्य होतं. अकरा ग्राहकांनी मागितलेलं आगाऊ पेमेंट मागे ठेवून आदल्या दिवशीचा मेसेज आधी करावा, असं मी सुचवलं, कारण फोन केलेल्या न आलेल्या ४० पैकी २३ पेशंट विसरले होते. मेसेज असलेल्या तीन दवाखान्यांत गैरहजेरी २२ वरून १५ टक्क्यांवर आली, नसलेल्या तिघांत २२ वरून २१ वर. रद्द झालेल्या १०६ वेळांपैकी ५८ पुन्हा भरल्या. पेमेंट लांबल्याने एका दवाखान्याने नूतनीकरण केलं नाही.’

यात ‘सुचवलं’ हा शब्द बदलू नका. सपोर्टमधली मुलगी अंतिम निर्णय घेत नाही हे वाचणाऱ्याला माहीत असतं, आणि ‘शेवटचा शब्द कुणाचा होता?’ हा प्रश्न हमखास येतो. फोन, आकडे आणि शिफारस तिची, मंजुरी तिच्या मॅनेजरची, असं सरळ लिहिलं की ती अडखळणार नाही. दवाखान्यांची नावं घालू नयेत, आणि हे आकडे बाहेर वापरू का, हे तिने मॅनेजरला आधी विचारावं. नाही म्हणाले तर मूळ संख्या काढून फक्त टक्के ठेवता येतील का, तेही विचारावं.

ते विचारायला जाईल तेव्हाच तिने आणखी एक बोलावं: आपल्याच कंपनीत प्रॉडक्टचं अर्धं काम मिळेल का? बाहेरच्या चाळीस अर्जांपेक्षा हा दरवाजा जवळचा आहे, कारण तिचे ते चाळीस फोन तिथल्या लोकांनी पाहिले आहेत.

तिच्या मसुद्यातही एक जागा रिकामी आहे, आणि ती तिलाच भरता येईल. मेसेज चालला नसता, समजा गैरहजेरी २० च्या खाली आलीच नसती, तर चार आठवड्यांनी लगेच पेमेंट हाती घ्यायचं असं आधी ठरलं होतं का? ठरलं असेल तर तो आकडा लिहावा. नसेल तर ‘ठरवलं नव्हतं’ असं मुलाखतीत सांगावं, आणि पुढच्या तिमाहीत पेमेंट आलं तेव्हा उरलेल्या १५ टक्क्यांचं काय झालं, ते आजच काढून ठेवावं.