‘चार ओळींचे कसले पैसे?’

‘मी लग्नांसाठी मंगलाष्टकं लिहून देते. कौतुक खूप होतं, पण पैशांचा विषय निघाला की “चार ओळींचे कसले पैसे?” म्हणतात आणि मी गप्प बसते. किती सांगायचे? आणि नातेवाइकांकडून घ्यायचे का?’

या ताई घरी शिकवण्या घेतात. आधी मी त्यांच्याकडून शेवटच्या कामाचे तास लिहून घेतले. दोन्ही घरांशी फोनवर बोलण्यात एक तास, आठ कडव्यांना सात आणि दुरुस्त्यांना चार. एकूण बारा तासांचे पाकिटात ५०१ रुपये आले होते. शिकवणीचे त्यांना तासाला २५० मिळतात. त्या हिशेबाने हे काम ३००० रुपयांचं होतं.

मला खटकले ते दुरुस्त्यांचे चार तास. लग्नाच्या आदल्या आठवड्यात वरपक्षाचा निरोप आला, ‘अनुराधा आत्याचं नाव राहिलं, तेवढं घाला.’ सांगणाऱ्याला वाटतं, एक शब्द तर घालायचा! पण मंगलाष्टक बहुतेक वेळा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतं. ओळीत १९ अक्षरं, प्रत्येक जागी लघू की गुरू हे ठरलेलं, बाराव्यावर यती म्हणजे थांबा. ‘अनुराधा’ म्हणजे दोन लघू, दोन गुरू. हा क्रम त्या ओळीत एकाच जागी येतो, दहाव्या ते तेराव्या अक्षरात. म्हणजे यती बरोबर नावाच्या मध्ये पडतो आणि गाणारा ‘अनुरा’वर थांबतो. नुसतं ‘राधा’ म्हटलेलं आत्यांना चाललं नाही. मग ‘बाबांची भगिनी’ असा उल्लेख करून अख्खं कडवं नव्याने बांधावं लागलं.

म्हणून आम्ही दर ओळींवर न लावता कामावर लावला. दोन्ही घरांची नावं एकाच यादीत, घरातल्या एकाच माणसाकडून घ्यायची. नावं कुठली, हाक कशी मारतात, कोणाचं नाव चुकूनही राहू नये, हे त्याच यादीत. यादी आणि निम्मे पैसे हातात आल्यावरच लेखणी उचलायची. एकदा दुरुस्ती दरातच; यादीबाहेरचं नाव आलं तर कडव्यामागे ४०० रुपये वेगळे. मसुदा म्हणून दोनच कडवी दाखवायची आणि उरलेली कडवी बाकी रक्कम आल्यावर द्यायची. अक्षता पडल्यावर वसुलीचा फोन करणं कोणालाच जमत नाही, ताईंना तर मुळीच नाही.

कोणाला ३००० जड वाटले तर भाव उतरवायचा नाही, काम उतरवायचं. नावांची दोन कडवी नवी आणि सहा ताईंची आधीच लिहिलेली, कुठल्याही लग्नात चालतील अशी: १२०० रुपये. मात्र ती सहा तयार आहेत हे आधीच सांगायचं. तीच कडवी दुसऱ्या मांडवात ऐकू आली तर बोभाटा होतो.

नातेवाइकांच्या बाबतीत मी ठाम आहे. अर्धे पैसे घेतले की देणाऱ्याला ते जास्त वाटतात आणि घेणाऱ्याला कमी. सख्ख्या भाचीचं लग्न असेल तर मंगलाष्टक हाच अहेर, एक रुपयाही नको. बाकी सगळ्यांना पूर्ण दर. यादीचा नियम मात्र भाचीलाही.

पहिल्या दोन चौकश्या दर ऐकून परत गेल्या. तिसऱ्यांनी १२०० वाला पर्याय घेतला.