फूटपाथवरच्या पाटीवर एक ओळ आणि एक चित्र: काय लिहावं, काय काढावं?

प्रश्न: आमचं छोटं कॅफे आहे, रस्त्यावरून पटकन दिसत नाही. फूटपाथच्या कडेला पाटी ठेवायची आहे, एक ओळ आणि एक चित्र. चालणारी माणसं आत वळतील असं काय लिहू आणि काय काढू?

उत्तर: मी पाट्या रंगवतो, त्यामुळे पुण्यात पेठेतल्या एका कॅफेसाठी केलेली पाटीच सांगतो. कॅफे पहिल्या मजल्यावर, जिना बोळात. मालकीणबाईंना लिहायचं होतं, "ताजी कॉफी, रुचकर नाश्ता आणि निवांत गप्पा". यातला एकही शब्द शेजारच्या कॅफेला लागू होणार नाही असा नव्हता. शिवाय चालणारा माणूस सेकंदाला साधारण चार फूट पुढे सरकतो. पाटी पंचवीस फुटांवरून दिसली तरी त्याच्या हातात सहा सेकंद असतात, आणि त्यातच त्याला वळायचं की नाही हेही ठरवायचं असतं.

म्हणून मी विचारलं, या वेळेला तुमच्याकडे असं काय आहे जे बाकी कुठे नाही? उत्तर आलं, रोज चारच्या सुमारास ओव्हनमधून निघणारा केळ्याचा केक. मग ओळ झाली: "केक गरम आहे, जिना चढा". लोक जिना पाहून मागे फिरतात ही त्यांची खरी अडचण होती, ती ओळीतच आली. या ओळीत एकही जोडाक्षर नाही, तेही मुद्दाम. खडूच्या जाड रेघेत जोडाक्षरं लांबून बुजतात.

केक केळ्याचा आहे हे ओळीत नाही, ते चित्राने सांगायचं. कापलेला केक, पुढे कललेला एक तुकडा, शेजारी अर्धं सोललेलं केळं. रंग एकच, केळ्याला पिवळा, बाकी सगळं पांढरं. वाफेच्या दोन रेघा मात्र सरळ वर न नेता जिन्याच्या दिशेला वळवल्या. इथे एक गोष्ट हमखास सुटते. पाटी दोन्ही बाजूंनी वाचली जाते, आणि एका बाजूने येणाऱ्याला जिना डावीकडे असेल तर समोरून येणाऱ्याला तो उजवीकडे असतो. दोन्हीकडे तेच चित्र जसंच्या तसं उतरवलं तर एका बाजूची वाफ रस्त्याकडे बोट दाखवते. मागच्या बाजूला चित्र आरशात दिसतं तसं डावं-उजवं उलटं काढा.

आता मापं. दोन फूट रुंद, तीन फूट उंच दुपाखी पाटी पुरते. दहा फुटांमागे एक इंच उंचीचं अक्षर हा आमचा ढोबळ हिशोब, म्हणजे पंचवीस-तीस फुटांसाठी अडीच ते तीन इंच. ही उंची शिरोरेघेपासून खालची धरा. वेलांटी, मात्रा, उकार यांना वर-खाली निदान दीड इंच वेगळा सोडावा लागतो, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. या मापाने रुंदीत सातेक अक्षरं बसतात. त्यामुळे "केक गरम आहे" वर, "जिना चढा" खाली, आणि मधली जवळपास अर्धी जागा चित्राला. तळाची वीतभर जागा मोकळी ठेवा, तिथे धूळ आणि चिखल उडतो.

फळा नवा असेल तर आधी खडू आडवा धरून सगळ्या फळ्यावर घासा आणि कोरड्या फडक्याने पुसा. हे केलं नाही तर पहिल्या दिवशी लिहिलेलं पुसल्यावरही भुतासारखं दिसत राहतं. अक्षरांसाठी खडू पाण्यात भिजवून वापरा. ओला असताना फिका वाटतो, वाळल्यावर दाट पांढरा होतो. फळ्याचा काळा रंग दिलेल्या खरबरीत फळ्यावर लिक्विड चॉकचे मार्कर वापरू नका, ते आत मुरतात. पावसाळ्यात खडू टिकत नाही, तेव्हा चित्र ऑइलपेंटने कायमचं करून फक्त ओळ बदलती ठेवणं बरं.

पाटी दुकानाला समांतर नको, येणाऱ्याच्या तोंडासमोर आडवी हवी. पण फूटपाथच्या मधे नाही: काठी टेकत येणाऱ्या अंध माणसाला ती अडथळा होते, आणि महापालिकेची अतिक्रमणाची गाडी उचलून नेते ते वेगळंच. तुमच्याच पायरीवर किंवा हद्दीत बसवा.

मग रस्त्यापलीकडे थोडा वेळ उभे राहा आणि लोकांचे पाय बघा. मानही वळत नसेल तर चित्र लहान आहे किंवा पाटीचं तोंड चुकलंय. मान वळते पण पाय मंदावत नाहीत, तर ओळ बदला. लोक थांबतात, वाचतात, इकडेतिकडे बघतात आणि निघून जातात, तर त्यांना वाट सापडत नाहीये. त्या कॅफेत नेमकं हेच दिसलं, म्हणून पहिल्या पायरीच्या उभ्या भागावर तोच पिवळा रंग दिला. आणि केक संपला की पाटी आत घ्यायची, हे मालकीणबाईंनी आजवर कसोशीने पाळलं आहे. वर जाऊन केक मिळाला नाही तर तो माणूस पुन्हा पाटीकडे बघणार नाही.