सभा बसते, थांबते आणि उठते

प्रश्न : "रविवारी आमच्या विडी कामगार युनियनची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. अध्यक्षताईंचे सुरुवातीचे निवेदन आणि समारोपाचे वाक्य लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. शेवटी 'सभा तहकूब झाली' लिहावे की 'बरखास्त झाली'? 'बरखास्त' म्हटले की कामावरून काढल्यासारखे वाटते, असे ताई म्हणतात. कुणी 'विसर्जित' सुचवतात. सोलापुरातल्या सभेत काय शोभेल?"

विषयपत्रिकेवरचे सगळे विषय संपले असतील, तर 'तहकूब' मुळीच लिहू नका. गेली कित्येक वर्षे मी सोलापुरातल्या सभांना जातो आहे आणि आभारप्रदर्शन झाले, चहाचे पेले गोळा झाले, सतरंज्या गुंडाळायला लागल्या, की व्यासपीठावरून हमखास "सभा तहकूब झाल्याचे जाहीर करतो" असे ऐकू येते. हा शब्द दूरचित्रवाणीवरून आला आहे. विधानसभेचे कामकाज दिवसभरासाठी तहकूब झाल्याची बातमी रोज कानावर पडते, पण तिथे सभागृह उद्या पुन्हा भरणार असते, म्हणून तो शब्द योग्य असतो. तुमची सभा सोमवारी पुन्हा भरणार नसेल, तर ती तहकूब झालेली नाही, संपलेली आहे.

ज्याला ही चूक निव्वळ शब्दच्छल वाटते, त्याने पूर्व भागातल्या एखाद्या सभेला जाऊन बसावे. विडी वळणाऱ्या बायकांमध्ये तेलुगूभाषक मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे मराठी निवेदनाच्या पाठोपाठ तेलुगूत सांगणारे कुणीतरी उभे असते. अशाच एका सभेत अध्यक्षांनी 'तहकूब' म्हणताच तेलुगू सांगणाऱ्या बाईंनी इमानदारीने 'वायिदा' असा शब्द वापरला आणि समोरून तत्काळ प्रश्न आला, "मग पुढची तारीख कोणती?" तेलुगूतला हा 'वायिदा' म्हणजे आपला 'वायदा'च, मूळ अरबी शब्दाचा अर्थ वचन असा आहे. मराठीत तो उधारीत आणि वायदेबाजारात राहिला, तर तेलुगूत पुढच्या तारखेचे वचन देऊन काम लांबणीवर टाकणे, असा त्याचा अर्थ झाला. त्या बायकांनी तारीख विचारली, ती बरोबरच विचारली. व्यासपीठावरच्यांना मात्र उत्तर देता आले नाही.

आता खरी गंमत या शब्दांच्या पोटात आहे. 'तहकूब' हा शब्द अरबी 'तवक्कुफ'वरून आला, असे माझे ठाम मत आहे. तवक्कुफ म्हणजे थांबणे, खोळंबणे. त्याच्या मुळाशी व-क-फ ही तीन व्यंजने आहेत आणि त्यांचा मूळ अर्थ 'उभे राहणे' असा आहे. शिक्षा 'मौकूफ' होते ती याच मुळावरून आणि मालमत्ता देवाच्या नावाने अडवून ठेवतात तो 'वक्फ'ही त्याचाच. एक निवृत्त प्राध्यापक मात्र दर व्याख्यानात सांगतात की तहकूब हा अरबी 'तआकुब'वरून आला, कारण त्यात शेवटी 'ब' आहे आणि तवक्कुफमध्ये 'फ' आहे. तआकुब म्हणजे पाठलाग. सभेचा पाठलाग करणे म्हणजे ती पुढे ढकलणे, हे अर्थांतर कोणत्या वाटेने झाले, ते त्यांनी एकदा तरी उलगडून दाखवावे. राहिला 'फ'चा 'ब'. त्याचा पुरावा त्यांच्याच परिचयपत्रात असतो, कारण तिथे त्यांना 'वाकबगार वक्ते' म्हटलेले असते. वाकबगार म्हणजे फारसीतला 'वाकिफकार', अर्थात जाणकार. आणि हा 'वाकिफ'ही त्याच व-क-फचा, एखाद्या गोष्टीपाशी उभे राहून ती पाहिलेला. मराठीने वाकिफचा 'वाकब' केला, तर तवक्कुफचा 'तहकूब' करायला तिला कोणती अडचण होती? मधला 'ह' तहसील, तहनामा, तहकीकात अशा कचेरीतल्या शब्दांच्या शेजारी राहून चिकटला असावा.

'बरखास्त' हा शब्द याहून सरळ आहे. फारसीत 'बर' म्हणजे वर आणि 'खास्त' म्हणजे उठला. दरबार बरखास्त झाला म्हणजे लोक उठले, एवढाच त्याचा अर्थ होता आणि आपणही सभा 'उठली' म्हणतोच. खुर्चीवर बसलेल्याला उठवणे यावरून पुढे त्याला नोकरीतून काढण्याचा अर्थ आला. याच प्राध्यापकांनी एका लेखात 'बरखास्त' आणि 'दरखास्त' ही सख्खी भावंडे ठरवली आहेत. ती मुळीच भावंडे नाहीत. दरखास्तीतला 'खास्त' हा 'ख्वास्त' आहे, म्हणजे मागितले, इच्छिले. फारसी लिपीत त्यात एक 'वाव' लिहितात, जो उच्चारात ऐकू येत नाही. मराठी कानाला दोन्ही सारखे वाटले आणि देवनागरीने तो वाव गिळला. सभेत दरखास्त मांडली जाते आणि शेवटी सभा बरखास्त होते, यापलीकडे त्या दोन शब्दांचे नाते नाही.

तेव्हा पाहा, सभेची बैठक बसते, तहकूब झाली की ती उभ्या जागी थांबते आणि बरखास्त झाली की उठून जाते. थांबलेला माणूस पुन्हा चालू लागणार, हे गृहीत असते. सभेच्या नियमांतही नेमके हेच गृहीत धरलेले आहे. तहकूब सभा पुन्हा भरते ती नवी सभा नसते, पहिलीच पुढे चालू झालेली असते, आणि म्हणून तिच्यात पहिल्या विषयपत्रिकेतला उरलेला विषयच घेता येतो.

'विसर्जित'ला माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. आपल्याकडे विसर्जन म्हटले की गणपती डोळ्यांपुढे येतो, ते एक वेळ चालेल, पण युनियनच्या कागदपत्रांत विसर्जन म्हणजे संघटनाच मोडीत काढणे. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याच्या 27 व्या कलमात त्याची रीत सांगितली होती, ती अशी की 7 सभासदांच्या आणि चिटणीसांच्या सहीची सूचना विसर्जनानंतर 14 दिवसांत निबंधकांकडे पाठवायची. इतिवृत्तात घाईने 'सर्वसाधारण सभेत विसर्जन जाहीर करण्यात आले' असे वाक्य पडले, तर विरोधी गटाला आयताच कागद मिळतो. 'स्थगित' हा शब्द संस्कृत असल्यामुळे पुष्कळांना सभ्य वाटतो. त्याचे मूळ 'स्थग्' म्हणजे झाकणे. सभेवर काय झाकायचे आहे, ते सुचवणाऱ्यांनीच सांगावे.

म्हणजे तहकूब हा शब्द तुमच्या निवेदनात कुठेच येऊ नये, असे नाही. तो बहुधा सुरुवातीलाच लागेल. समजा तुमचे 640 सभासद आहेत आणि घटनेप्रमाणे एकपंचमांश, म्हणजे 128 जणांची गणपूर्ती हवी. सभेची वेळ दुपारी 4 ची आहे आणि त्या वेळी 94 सह्या झाल्या आहेत. अशा वेळी पुष्कळ अध्यक्ष नुसते थांबून राहतात आणि गर्दी झाली की बोलू लागतात. त्यामुळे सभा नेमकी कधी सुरू झाली आणि त्या वेळी किती जण होते, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. बरोबर रीत अशी की 4 वाजता उभे राहून गणपूर्तीअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करायची आणि साडेचारला त्याच जागी ती पुन्हा सुरू करायची. अशा सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही, पण ही सवलत तुमच्या घटनेत लिहिलेली असली तरच, आणि सभेच्या सूचनेतही ती छापलेली असावी. घटनेत ती नसेल, तर साडेचारलाही 128 डोकी मोजावीच लागतील. 'अध्यक्ष' या शब्दात 'अक्ष' म्हणजे डोळा आहे, तेव्हा हजेरीपत्रक त्यांनी स्वतः पाहावे, सरचिटणीसांच्या अंदाजावर विसंबू नये.

ताईंसाठी सुरुवातीचे निवेदन असे लिहा : "सभासद भगिनींनो आणि बंधूंनो, आजच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना घटनेप्रमाणे मुदतीत दिलेली आहे. दुपारी 4 वाजता 94 सभासद उपस्थित होते आणि गणपूर्तीसाठी 128 आवश्यक असल्याने मी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब केली. आता साडेचार वाजले असून 117 सभासद उपस्थित आहेत. घटनेतील तरतुदीप्रमाणे या तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नाही, म्हणून सभेचे कामकाज सुरू झाल्याचे मी जाहीर करते. आज विषयपत्रिकेवरील विषयच घेतले जातील. सरचिटणीसांनी पहिला विषय वाचावा." स्वागत, हार, संघर्षाचा इतिहास हे सगळे यानंतर येऊ द्या. आधी आले तर अर्धी माणसे सभा सुरू झाली असे समजतात आणि अर्धी अजून चहापाशी असतात.

समारोपाच्या मजकुराचे दोन मसुदे ताईंच्या हातात असावेत, कारण कोणता लागेल हे शेवटच्या विषयापर्यंत कळत नाही. सगळे विषय झाले तर आभार आधी मानायचे आणि मग म्हणायचे : "विषयपत्रिकेवरील सर्व विषयांवर निर्णय झालेले आहेत, कोणताही विषय शिल्लक नाही. सायंकाळी 6 वाजून 10 मिनिटांनी मी ही सभा संपल्याचे जाहीर करते." ताईंना 'बरखास्त' नको असेल, तर 'संपली' हा घरचा शब्द पूर्ण कायदेशीर आहे आणि तो तेलुगूत सांगतानाही चुकत नाही. वेळ मात्र गाळू नका, कारण या वाक्यानंतर कुणी वर्गणीवाढीचा ठराव पुन्हा उकरून काढला, तर तो सभेबाहेरच्या बोलण्याचा भाग ठरतो. हेच वाक्य 'तहकूब' असे उच्चारले गेले, तर तोच माणूस सभा अजून चालूच आहे असे म्हणू शकतो आणि शब्दाच्या बाजूने तो बरोबर असतो.

जमाखर्चाचा विषय हिशेबांची तपासणी न झाल्याने खरोखरच राहिला, तर दुसरा मसुदा वाचायचा : "विषय क्रमांक 3 अपुरा राहिल्याने ही सभा केवळ त्या विषयापुरती तहकूब करण्यात येत आहे. ती अमुक तारखेला दुपारी 4 वाजता याच ठिकाणी पुढे सुरू होईल." 'अमुक'च्या जागी खरी तारीख आधीच ठरवून लिहा, नाहीतर पुढच्या रांगेतून ती विचारली जाईल.